फसवे थंबनेल

यूट्यूबवर व्हिडिओ उघडण्याआधी त्याचे जे आडवे छोटे चित्र दिसते त्याला थंबनेल म्हणतात. व्हिडिओत जे नाही ते आहे असे भासवणारे थंबनेल फसवे ठरते. तोंडाचा आ वासलेला चेहरा, मोठे केलेले डोळे, लाल बाण, लाल वर्तुळ आणि जाड अक्षरांतले तीन-चार शब्द ही त्याची ओळखीची सामग्री. मात्र या सामग्रीमुळेच थंबनेल खोटे ठरते असे नाही. बाण ज्या गोष्टीकडे रोखलेला आहे ती व्हिडिओत सापडते का, यावर निर्णय करायचा असतो. विज्ञानविषयक ‘व्हेरिटासियम’ वाहिनीचे डेरेक म्युलर यांनी २०२१ मध्ये हाच फरक सविस्तर मांडला होता: कुतूहल चाळवून ते पुरे करणारे थंबनेल वेगळे, आणि कुतूहल चाळवून हात वर करणारे वेगळे. या नोंदीत दुसऱ्या प्रकाराचा, त्यातही भारतात सर्वाधिक नुकसान करणाऱ्या बनावट बातम्यांच्या आणि सरकारी योजनांच्या थंबनेलांचा विचार केला आहे.

यूट्यूबच्या सुरुवातीच्या काळात थंबनेल स्वतः बनवण्याची सोय सर्वांना नव्हती. यंत्रणा व्हिडिओतलीच चौकट उचलत असे, आणि ती बरोबर मध्यावरची असते हे लोकांच्या लवकरच लक्षात आले. मग व्हिडिओच्या ऐन मध्यावर क्षणभर एखादे भडक चित्र घुसवण्याची युक्ती पसरली. पुढे स्वतंत्र चित्र चढवण्याची मुभा मिळाल्यावर एवढीही खटपट उरली नाही. थंबनेल व्हिडिओपासून सुटे झाले आणि दोन्हींत काही नाते असण्याची सक्ती संपली.

२०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींचा पाया बदलला. किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला याला जास्त वजन मिळू लागले. यामुळे फसवी चित्रे मागे पडतील अशी अपेक्षा होती, कारण फसलेला प्रेक्षक अर्ध्या मिनिटात निघून जातो. करमणुकीच्या व्हिडिओंपुरती ती काही अंशी खरी ठरली. मिस्टरबीस्ट या नावाने प्रसिद्ध असलेल्या जिमी डोनाल्डसन यांनी २०२३ मध्ये जाहीर केले की थंबनेलमध्ये तोंड मिटलेले ठेवल्यावर त्यांच्या व्हिडिओंचा पाहण्याचा वेळ वाढला. बातम्यांच्या नावाने चालणाऱ्या वाहिन्यांनी मात्र वेगळीच वाट काढली. त्यांनी प्रेक्षकाला ताटकळत ठेवायला सुरुवात केली.

ती वाट कशी चालते हे एका नमुन्यावरून पाहता येईल. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली आणि पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. हप्ता कधी येणार हा लाखो घरांतला प्रश्न असल्याने त्यावरच्या व्हिडिओंना हमखास प्रेक्षक मिळतो. अशा व्हिडिओचे फसवे थंबनेल साधारण असे बनते. डावीकडे एखाद्या मोठ्या वृत्तवाहिनीच्या निवेदिकेचा चेहरा, पार्श्वभूमीतून कापून काढलेला आणि भोवती पांढरी कडा दिलेला. उजवीकडे मुख्यमंत्री सही करत असल्याचा, भलत्याच कार्यक्रमातला जुना फोटो. मध्ये पाचशेच्या नोटांची थप्पी. खाली अस्पष्ट केलेला शासकीय कागद, त्यावर लाल वर्तुळ, वर्तुळाकडे जाणारा बाण. वर लाल पट्टीत ‘आत्ताची मोठी बातमी’ आणि त्याखाली पिवळ्या अक्षरांत ‘उद्या खात्यात ₹३०००’.

यातले बहुतेक काम फोनवर, पिक्सेललॅब किंवा पिक्सआर्टसारख्या अ‍ॅपमध्ये उरकते. यूट्यूबने सुचवलेला आकार १२८० बाय ७२० पिक्सेल असला तरी फोनच्या पडद्यावर हे चित्र फार लहान दिसते, म्हणून सगळे अवाजवी मोठे आणि भडक करावे लागते. चेहऱ्याचे डोळे ताणून वाढवतात, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग उजळतात, भुवया वर ओढतात. निवेदिकेने शांतपणे वाचलेली एखादी जुनी बातमी अशा रीतीने थक्क झालेल्या चेहऱ्यात बदलते. स्वतःच्या चेहऱ्याचे व्हिडिओ करणारे लोक हेच भाव वेगळ्या फोटोसत्रात काढून ठेवतात. तो धक्का त्या व्हिडिओतला नसतोच, तो पुढच्या कितीतरी व्हिडिओंना पुरवून वापरला जातो. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि उकार ओळीच्या वर-खाली जागा घेत असल्याने अक्षरे मोठी ठेवायची तर दोनच ओळी मावतात. या टंचाईत सर्वात आधी गळतात ते ‘शक्यता’, ‘मागणी’, ‘प्रस्ताव’ यांसारखे शब्द, म्हणजे नेमके ते शब्द ज्यांच्यामुळे वाक्य खरे राहिले असते. उजवा खालचा कोपरा बहुधा रिकामा सोडतात, कारण तिथे व्हिडिओची लांबी दिसते.

लांबीलाही अर्थ आहे. आठ मिनिटे किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओच्या मध्ये जाहिराती लावता येतात, म्हणून अशा बातम्या आठ मिनिटांच्या थोड्या पुढे जाऊन संपतात. पहिली दोन मिनिटे नमस्कार, सबस्क्राइब करण्याची विनंती आणि ‘शेवटपर्यंत पाहा’ यात जातात. मग योजनेच्या ठाऊक असलेल्या अटी पुन्हा वाचल्या जातात. शेवटी ‘दोन हप्ते एकत्र मिळण्याची शक्यता वर्तवली जात आहे’ असे एक वाक्य येते. कोणी वर्तवली, कुठे वर्तवली, हे सांगितले जात नाही. प्रेक्षक पैशांच्या तारखेची वाट पाहत थांबलेला असल्याने पाहण्याचा वेळ उत्तम भरतो, आणि यंत्रणेला हा व्हिडिओ समाधानकारक वाटतो. समाधानाने थांबलेला माणूस आणि आशेने थांबलेला माणूस यांची मिनिटे सारखीच मोजली जातात. गरजू माणसाच्या आशेवर कमाई होते ती इथे.

व्हिडिओ न उघडणाऱ्यांचे नुकसान याहून मोठे, आणि ते सहसा कोणी मोजत नाही. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या वाहिन्यांचे आणि व्हिडिओंचे प्रमाण असे असते की थंबनेल शंभर वेळा दिसले तर दोन ते दहा वेळा उघडले जाते. बाकीचे लोक फक्त चित्र पाहून पुढे जातात. करमणुकीच्या चित्राने त्यांचे काही बिघडत नाही. पण ‘उद्या खात्यात ₹३०००’ हे वाक्य वृत्तवाहिनीच्या चिन्हासह वाचलेल्या बाईसाठी ती बातमीच असते. ती दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून घेते. त्याच चित्राचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरतो आणि तिथे व्हिडिओतले ‘शक्यता’ हे वाक्य सोबत जात नाही. व्हिडिओ आतून सावध आणि थंबनेल बाहेरून ठाम, ही रचना जाणूनबुजून केलेली असते: तक्रार झाली तर व्हिडिओतले वाक्य दाखवता येते.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाने २० डिसेंबर २०२२ रोजी उघड केलेले प्रकरण या साच्याचे ठळक उदाहरण आहे. ‘न्यूज हेडलाइन्स’, ‘सरकारी अपडेट’ आणि ‘आज तक लाइव्ह’ या नावांच्या तीन वाहिन्यांचे मिळून सुमारे ३३ लाख सदस्य होते आणि त्यांचे व्हिडिओ ३० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले होते. यातल्या तिसऱ्या वाहिनीचे नाव एका प्रसिद्ध वृत्तवाहिनीची आठवण करून देण्यासाठीच घेतलेले दिसते. पुढच्या निवडणुका मतपत्रिकेवर घेण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, बँक खाते, आधार आणि पॅन कार्ड असलेल्यांना सरकार पैसे देत आहे, मतदान यंत्रांवर बंदी आली, असे दावे त्यांत होते. दूरचित्रवाणी वाहिन्यांची चिन्हे आणि निवेदकांची छायाचित्रे थंबनेलवर लावून बातमी खरी असल्याचा भास निर्माण केला जात होता, आणि व्हिडिओंवर जाहिराती चालू होत्या. पुढच्याच महिन्यात आणखी सहा वाहिन्या अशाच पद्धतीसाठी उघड करण्यात आल्या. त्यांचे व्हिडिओ ५१ कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले होते.

प्रेक्षकाला तपासणी करायची असेल तर सर्वात उपयोगी पण कमी लोकांना ठाऊक असलेला उपाय व्हिडिओच्या पत्त्यातच आहे. यूट्यूब वाहिनीने चढवलेल्या चित्राबरोबर व्हिडिओतून आपोआप उचललेल्या तीन चौकटीही साठवून ठेवते. व्हिडिओच्या पत्त्यातला अकरा अक्षरांचा क्रमांक VIDEO_ID च्या जागी घातला की दोन्ही ब्राउझरमध्ये पाहता येतात:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/hqdefault.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/1.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/2.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/3.jpg
```

पहिला पत्ता थंबनेलचा, पुढचे तीन प्रत्यक्ष व्हिडिओतल्या चौकटींचे. थंबनेलवर निवेदिका, मुख्यमंत्री आणि नोटा असतील आणि तिन्ही चौकटींत एकच स्थिर चित्र किंवा वर्तमानपत्राचे कात्रण असेल, तर व्हिडिओ उघडण्याची गरज उरत नाही. अर्थात तीन चौकटी म्हणजे पूर्ण व्हिडिओ नव्हे. आवाजात काय सांगितले ते त्यांतून कळत नाही. थंबनेलमधला फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर मूळ प्रसंग बहुधा सापडतो, मात्र चेहरा कापून घेतलेला असेल तर तेवढाच भाग निवडून शोधावा लागतो. योजनेच्या बाबतीत शेवटचा पुरावा शासन निर्णयाचा. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णय दिनांक आणि संकेतांकासह असतो. थंबनेलवरचा कागद अस्पष्ट केलेला असतो तो संकेतांक वाचता येऊ नये म्हणूनच.

नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला. लहान निर्मात्यांना ठरवून होणारा त्रास थांबवणे हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. पण त्यामुळे फसलेल्यांनी पुढच्यांना सावध करण्याची एक जलद खूण गेली. प्रतिक्रियांचा विभाग उरतो, आणि तो वाहिनीच्या मालकाला बंद करता येतो. सरकारी पैशांच्या बातमीखाली प्रतिक्रिया बंद असतील तर संशय घ्यायला ते पुरेसे कारण आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतात अशा थंबनेलांवर कडक कारवाई करण्याचे जाहीर केले. ताज्या घडामोडींविषयी शीर्षकात किंवा थंबनेलमध्ये दिलेले वचन व्हिडिओत पाळले नसेल तर तो व्हिडिओ काढायचा, सुरुवातीला वाहिनीवर ठपका न ठेवता, असे धोरण होते. राष्ट्रपतींनी राजीनामा दिल्याचे शीर्षक आणि आत त्याचा उल्लेखही नाही, हे उदाहरण कंपनीनेच दिले होते. या नियमाचा आधार थंबनेल आणि व्हिडिओ यांच्यातले अंतर हा आहे. म्हणून जिथे व्हिडिओत विषयाचा उल्लेख आहे पण निश्चिती नाही, तिथे तो लावणे अवघड जाते. लाडक्या बहिणींच्या हप्त्याचा वर सांगितलेला व्हिडिओ याच फटीतून सुटतो: त्यात पैशांविषयी एक वाक्य आहे, आणि थंबनेलवरच्या ‘उद्या’पुढे एक छोटे प्रश्नचिन्ह जोडले की वचन दिलेच नव्हते असेही म्हणता येते.