सडाच्या जखमा आणि सड बंद होणे (गायींतील)

गायीच्या सडाला बाहेरून होणारी इजा आणि सडातली दुधाची वाट अरुंद होणे किंवा बुजणे, या दोन तक्रारी पशुशल्यचिकित्सेत एकत्रच शिकवल्या जातात. पहिलीतून दुसरी उपजते, हे त्याचे कारण. महाराष्ट्रात संकरित होल्स्टीन गायी गोठ्यात बांधून सांभाळल्या जातात, तिथे ही इजा नेहमीची आहे. कास मोठी आणि खाली आलेली, जागा आखूड आणि सिमेंटची जमीन निसरडी असेल, तर गाय उठताना स्वतःच्याच मागच्या खुराखाली सड चिरडून घेते. शेजारच्या गायीचा पाय, काटेरी तार, कुत्र्याचा चावा आणि वासराचे दात ही बाकीची कारणे. वाढलेली खुरे वेळेवर न कापणे हेही त्यातच मोजावे.

सडाची रचना

सडाच्या टोकाला जेमतेम १ सेंटिमीटर लांबीची बारीक नळी असते. तिच्याभोवती स्नायूचे कडे असते आणि ते एरवी नळी मिटून ठेवते. नळीच्या आतल्या बाजूला केराटिनचा मेणासारखा थर असतो. जंतूंना कासेत शिरू न देण्याचे काम हे कडे आणि हा थर मिळून करतात. नळीच्या वर सडाची पोकळी असते. धार काढताना मुठीत येते ते या पोकळीतले दूध. नळी आणि पोकळी जिथे मिळतात तिथे आतल्या नाजूक अस्तराच्या वळ्या फुलासारख्या जमलेल्या असतात. सर्वाधिक अडथळे इथेच तयार होतात. सडाच्या बुडाशी, म्हणजे कासेला सड जिथे जोडला जातो तिथे, आणखी एक आकसलेला भाग असतो आणि त्याच्यावर कासेची पोकळी सुरू होते.

रक्तपुरवठा बुडाकडून टोकाकडे, म्हणजे वरून खाली येतो. म्हणून उभी चीर चांगली भरते, आडवी चीर त्रास देते. कातडीचा लोंबणारा तुकडा वरच्या बाजूने चिकटलेला असेल तर तो जगण्याची शक्यता बरी असते. फक्त खालच्या बाजूने चिकटलेला तुकडा बहुधा काळा पडून गळून जातो.

जखमेचे प्रकार आणि प्रथमोपचार

पहिला प्रश्न एवढाच की जखमेतून दूध येते का. येत नसेल तर चीर कातडीपुरती किंवा त्याखालच्या मांसापर्यंत आहे. येत असेल तर ती आरपार पोकळीपर्यंत गेली आहे. आरपार जखम कितीही लहान दिसली तरी तिला टाका लागतो. दूध सतत पाझरत राहिल्याने तिच्या कडा आपोआप जुळत नाहीत आणि सडाला कायमचे दुसरे तोंड फुटते. त्या तोंडातून दूध गळते आणि त्याच वाटेने जंतू आत जाऊन कासदाह (दगडी) होतो.

गायीला बाकीच्या जनावरांपासून वेगळे, कोरड्या जागेवर उभे करावे. पाच-दहा मिनिटे स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरली की रक्त बहुधा थांबते. सडाला सुतळी किंवा रबर आवळून ठेवू नये, अशाने टोकाचा भाग सडतो. शस्त्रक्रियेच्या वेळी पशुवैद्यक सडाच्या बुडाशी रबर बांधतात, पण ते थोड्याच वेळापुरते असते. त्यानंतर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ (सपाट भरलेला दीड छोटा चमचा पुरतो) विरघळवून त्या पाण्याने शेण-माती धुवून काढावी आणि ओल्या स्वच्छ कापडाने जखम झाकावी. हळद, राख, डिझेल, ग्रीस यांपैकी काहीही लावू नये. हे पदार्थ टाके घालण्याआधी खरवडून काढावे लागतात आणि तेवढ्यात जखमेच्या कडा आणखी खराब होतात. लोंबणारी कातडी स्वतः कापू नये, ती टाक्यासाठी उपयोगी पडू शकते. दुखऱ्या सडाची धार पिळून काढू नये. उरलेल्या तीन सडांची धार नेहमीप्रमाणे काढावी.

ताजी जखम पहिल्या सहा ते बारा तासांत शिवली तर सर्वांत चांगली जुळते. दिवस उलटून सूज आणि पू आल्यावर घातलेले टाके बहुतेक वेळा उसवतात. अशा वेळी पशुवैद्यक जखम स्वच्छ ठेवून सूज उतरू देतात. दुसरे तोंड पडलेच, तर ते काही आठवड्यांनी, शक्यतो गाय आटल्यावर, कडा नव्याने तासून शिवतात. महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. अशा जखमेसाठी तो पहाटेच फिरवावा, दुपारपर्यंत वाट पाहू नये.

एक नमुना

तिसऱ्या वेताची, विऊन वीस दिवस झालेली संकरित गाय घेऊ. पहाटे पाचला मालकाला दिसते की मागच्या उजव्या सडाला मध्यावर ३ सेंटिमीटरची तिरपी चीर पडली आहे आणि तिच्यातून गुलाबी दूध ठिबकते आहे. तो जखम दाबून धरतो, धुतो, झाकतो आणि फोन करतो. नऊला पशुवैद्यक येतात, म्हणजे चार तास गेले आहेत आणि टाके घालायला ही वेळ उत्तम आहे.

गायीला खोड्यात घेऊन गुंगीचे हलके इंजेक्शन दिले जाते आणि पाय दोरीने रोखला जातो. सडाच्या बुडाशी कातडीखाली गोलाकार २ टक्के लिग्नोकेन टोचून सड बधिर करतात. यात ॲड्रेनालिन मिसळलेले औषध चालत नाही, कारण रक्तवाहिन्या आकसून टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. जखमेच्या मेलेल्या कडा जेमतेम तासल्या जातात. मग टाके तीन थरांत घालतात. सर्वांत आत, अस्तराच्या लगत, विरघळणाऱ्या बारीक धाग्याने अखंड टाका येतो. धागा पोकळीत डोकावू नये ही यातली खुबी आहे, कारण आत उघडा राहिलेला धागा जंतूंना आणि दुधाच्या खड्याला आधार देतो. त्यावर मधला थर आणि शेवटी कातडीला नायलॉनचे सुटे टाके. खरे जलरोधक काम आतला थर करतो. कातडी कितीही सुबक शिवली आणि हा थर सैल राहिला, तर पाचव्या-सहाव्या दिवशी टाक्यांमधून दुधाचा थेंब दिसतो.

पुढचे दहा दिवस त्या सडाची हाताने धार काढायची नाही. कासेत दाब साठला तर टाके ताणतात, म्हणून दूध निर्जंतुक नळीने उतरवतात किंवा टोपण असलेली मऊ प्लास्टिकची नळी काही दिवस सडातच ठेवतात. नळी हाताळताना दरवेळी सडाचे टोक स्पिरिटने पुसायचे, हे कंटाळवाणे काम मालकाच्याच वाट्याला येते आणि शस्त्रक्रिया फसते ती बहुधा इथेच. सडातून आणि इंजेक्शनने प्रतिजैविक दिले जाते. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत चारही सडांचे दूध डेअरीला घालायचे नसते, फक्त दुखऱ्या सडाचे नव्हे. बाराव्या दिवसाच्या सुमारास कातडीचे टाके निघतात. त्यानंतर सुरुवातीला यंत्राने धार काढणे हाताच्या पिळण्यापेक्षा सडाला सोसते.

बंद सड: अडथळा कुठे आहे?

हीच गाय पाय पडूनही वरून न चिरता सुटली असती, तर काम अधिक अवघड झाले असते. खुराच्या दाबाने बाहेरची कातडी शाबूत राहते आणि आतले अस्तर टोकाजवळ फाटते. फाटलेला पापुद्रा पोकळीत उलटतो आणि झडपेसारखा नळीवर बसतो. काही दिवस दुधात रक्त येते, मग धार बारीक होते आणि शेवटी थांबते. अंगठा मुडपून धार काढण्याची आपल्याकडची सवयही हेच काम सावकाश, वर्षानुवर्षे करत असते. अंगठ्याच्या सांध्याखाली अस्तर रोज चेचले जाऊन तिथे घट्ट गाठ धरते. पूर्ण मुठीने धार काढली तर हे टळते.

अडथळ्याची जागा बोटांना कळते. धार काढल्यावर सड पुन्हा दुधाने भरतो, पण दाबल्यावर दूध बाहेर येत नाही किंवा सुतासारखे येते, तर अडथळा टोकाशी आहे. चौथाई कास टणक भरलेली आणि सड मात्र रिकामा, लुळा असेल, तर तो बुडाशी आहे. सड हळूहळू भरत असेल, तर बुडाची वाट अर्धवट खुली आहे. अंगठा आणि तर्जनीत सड हलके लाटल्यावर मध्ये पेन्सिलीसारखी कडक दोरी लागली, तर आतले अस्तर लांबवर घट्ट झाले आहे. धार जोरात सुरू होऊन अचानक थांबत असेल आणि सड वर ढकलून सोडल्यावर पुन्हा येत असेल, तर आत सुटा खडा किंवा मांसाचा कण तरंगतो आहे. तो वाहत येऊन नळीच्या तोंडावर अडकतो.

एवढी तपासणी घरी करता येते. त्यापुढची, म्हणजे नळी घालून पाहणे, घरी करू नये. सडात काडी, सायकलची तार, सुई, मोरपिसाची दांडी घालण्याचे प्रकार गोठ्यांत आजही होतात. अशा वस्तूने केराटिनचा थर खरवडला जातो, अस्तराला नवी जखम होते आणि जंतू थेट आत पोचतात. एका वेळेची धार सुटते, आठवड्याने वाट पहिल्यापेक्षा घट्ट मिटते. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचूनही बंद वाट उघडत नाही. कास फक्त अधिक तटतटते आणि गायीला यातना होतात.

शस्त्रक्रिया केव्हा

टोकाचे कडे आकसलेले असेल तर बधिर करून बारीक चाकूने (लिच्टी किंवा मॅक्लीनचा) आतून दोन-तीन ठिकाणी निसटता छेद देतात आणि प्रत्येक छेदानंतर धार तपासून पाहतात. कमी कापले तर पुन्हा कापता येते. जास्त कापले तर दूध आपोआप गळत राहते आणि त्यावर सोपा इलाज नाही. छेद दिल्यानंतर पहिले काही दिवस दर थोड्या तासांनी दोन-चार धारा काढाव्या लागतात, नाहीतर कडा परत चिकटतात. सुटा खडा बारीक चिमट्याने ओढून काढता येतो, त्यासाठी कधी नळीचे तोंड किंचित मोठे करावे लागते. अस्तराचा वाढलेला भाग हडसनच्या स्पायरल या पीळदार उपकरणाने खरवडून काढतात, पण ही पद्धत आंधळी असल्याने बरीच गाठ असेल तर सड बाजूने उघडून काम करणे बरे. सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात सड पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून बघतात. त्यात अडथळा आधी दिसतो आणि आंधळेपणा कमी होतो.

कासदाह चालू असेल तर आधी तो आवरतात, मगच छेद देतात. बुडाशी जाड अडथळा असेल किंवा सड पूर्ण लांबीने पेन्सिलीसारखा झाला असेल, तर शस्त्रक्रियेने फारसे हाती लागत नाही. आतली जखम भरताना पुन्हा आकसते. अशा वेळी त्या चौथाई कासेची धार बंद करून ती आटवतात. आठ-दहा दिवस ती ताठरते, दाबून पाहण्याचा मोह आवरावा लागतो, आणि मग मऊ पडत जाते. बाकीच्या तीन सडांचे दूध थोडे वाढते, पूर्ण भरपाई मात्र होत नाही. त्या काळात ती चौथाई लाल, गरम झाली किंवा गायीने चारा सोडला, तर तो साधा ताठरपणा नव्हे; त्याच दिवशी पशुवैद्यकाला पुन्हा बोलवावे लागते.