टेलिग्रामने फोन भरतोय? मीडिया ठेवण्याची मुदत अशी लावा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचं दुकान सदाशिव पेठेत आहे. काउंटरवर येणाऱ्यांत निम्मे तरी स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी असतात आणि त्यांची तक्रार ठरलेली: "फोन हँग होतोय, स्टोरेज फुल दाखवतोय, फॉरमॅट मारून द्या." फोन उघडून बघितला तर बहुतेक वेळा जागा टेलिग्रामने खाल्लेली असते. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. अॅपमध्येच एक सेटिंग आहे. ती कशी लावायची आणि लावूनही कधी उपयोग होत नाही, ते या पत्रकात लिहिलं आहे.

आधी कॅश म्हणजे काय

ही गल्ल्यातली कॅश नव्हे. टेलिग्रामवरचे फोटो, व्हिडिओ, पीडीएफ हे मूळ कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तुम्ही एखादा व्हिडिओ बघितला, किंवा अॅपने तो आपोआप उतरवून घेतला, की त्याची एक प्रत फोनवर राहते. या प्रतींचा ढीग म्हणजे कॅश. डाउनलोड न करता नुसता चालवून बघितलेला व्हिडिओही या ढिगात जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फोनवरची प्रत पुसली तरी चॅटमधला मेसेज जागेवर असतो, आणि त्यावर बोट ठेवलं की फाइल पुन्हा उतरते.

व्हॉट्सअॅपचं असं नाही. तिथे फोटो एकदा तुमच्या फोनवर पोचला की तो तुमच्या फोनवरच राहतो. तो पुसलात आणि बॅकअप नसेल, तर बहुतेक वेळा समोरच्याला पुन्हा पाठवायला सांगण्याखेरीज इलाज नाही. म्हणून खाली जे सांगितलं आहे ते टेलिग्रामपुरतंच. "तिथे पुसलं तर परत आलं, मग इथेही येईल" या हिशोबाने व्हॉट्सअॅपचं फोल्डर रिकामं करून रडवेल्या चेहऱ्याने आलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

सेटिंग कुठे आहे

टेलिग्राममध्ये `Settings` उघडा, त्यात `Data and Storage`, त्यात `Storage Usage`. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर वाट हीच. वर एक रंगीत चकती दिसेल. व्हिडिओने किती जागा घेतली, फोटोंनी किती, फाइल्सनी किती, याची ती वाटणी. तिच्या खाली मुदतीचा भाग आहे. `Private Chats`, `Group Chats` आणि `Channels` यांना वेगवेगळी मुदत लावता येते: एक दिवस, एक आठवडा, एक महिना, किंवा कधीच पुसू नको. त्याखाली `Maximum Cache Size` ही सरकपट्टी आहे. एकूण ढीग किती वाढू द्यायचा, ते तिथे ठरतं.

मुदत मोजायची पद्धत नीट समजून घ्या. मेसेज कधी आला याच्याशी तिचा संबंध नाही. ती फाइल तुम्ही शेवटची कधी उघडलीत, तिथून दिवस मोजले जातात. गेल्या वर्षी आलेली राज्यघटनेची पीडीएफ तुम्ही दर दोन दिवसांनी उघडत असाल, तर एक आठवड्याची मुदत लावूनही ती फोनवरच राहील. परवा एकदा बघून सोडून दिलेलं लेक्चर मात्र आठवड्याने जाईल. वापरातलं राहतं आणि अडगळ जाते.

एक फोन, आकड्यांसकट

एका विद्यार्थिनीचा ६४ जीबीचा फोन आला होता. त्यात टेलिग्राम १९.४ जीबी. व्हिडिओ १६.२, फाइल्स २.१, उरलेलं फोटो आणि किरकोळ. गंमत म्हणजे तिने मुदत आधीच लावलेली होती. कुठल्याशा मित्राने सांगितलं म्हणून चॅनेलना एक महिना. "सेटिंग केलंय, तरी भरतंय" ही तिची तक्रार, आणि ती खरी होती.

हिशोब काढला तर कोडं राहत नाही. ती रोज दोन लेक्चर बघायची, एकेक ३०० ते ३५० एमबीचं. म्हणजे दिवसाला साधारण ६५० एमबी. रविवारी सुट्टी धरली तर महिन्यात २५ दिवस. २५ गुणिले ६५०, झाले सव्वासोळा जीबी. सेटिंग चोख काम करत होती. महिन्यापूर्वीचं लेक्चर रोज जात होतं आणि नवं रोज येत होतं, त्यामुळे ढीग सोळा जीबीच्या आसपास येऊन थांबला होता. फक्त सोळा जीबी ठेवायला तिच्या फोनमध्ये जागा नव्हती.

हाच हिशोब तुम्हीही करू शकता. दिवसाला किती एमबी येतं, त्याला मुदतीच्या दिवसांनी गुणा. तिच्या चॅनेलची मुदत एक आठवडा केली की सहा दिवसांचे ६५० धरून व्हिडिओचा ढीग ३.९ जीबीवर येतो. एक दिवस केली तर एक जीबीच्याही खाली. पण एक दिवस तिला परवडणारा नव्हता, कारण ती शनिवारी आठवड्यातल्या एखाद्या लेक्चरवर पुन्हा एक नजर टाकायची. कॉटबेसिसवरच्या खोलीत वायफाय नाही, रोजचा डेटा दीड जीबी. ३५० एमबीचं लेक्चर पुन्हा उतरवायचं म्हणजे दिवसाचा जवळजवळ पाव डेटा गेला. फोनची जागा वाचवायला गेलं की डेटा खर्च होतो. आपल्याकडे यातलं काय कमी आहे, ते बघून मुदत ठरवा.

शेवटी आम्ही तिच्या फोनवर असं केलं. चॅनेलना एक आठवडा. अभ्यासाच्या ग्रुपला एक दिवस, कारण तिथे अभ्यास कमी आणि फॉरवर्ड केलेले विनोदच जास्त होते. घरच्यांच्या चॅटला `Never`, कारण तिथले सगळे फोटो मिळून अर्धा जीबीही नव्हते. ते पुसून फार काही मिळालं नसतं. चालू घडामोडींच्या पीडीएफ टाकणाऱ्या एका चॅनेलला अपवाद म्हणून एक महिना दिला. मुदतीच्या यादीतच एखाद्या चॅटसाठी वेगळा नियम जोडायची सोय आहे. आणि वरची मर्यादा ५ जीबी.

मुदत लावली तर वेगळी मर्यादा कशाला? परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रोज दोनऐवजी सहा लेक्चर बघितली जातात. तेव्हा मुदतीचा हिशोब कोलमडतो, कारण आठवडा व्हायच्या आतच फोन भरतो. मर्यादा असली की ढीग तिच्या पुढे गेल्यावर सगळ्यात जुनी आणि न उघडलेली फाइल आधी निघते, मग तिची मुदत संपलेली असो वा नसो. म्हणून रोजच्या वापराला मुदत पुरते आणि अशा गर्दीच्या आठवड्यासाठी मर्यादा लागते.

सेटिंग केलं, आकडा हलत नाही

मुदत बदलल्या क्षणी काही पुसलं जात नाही. अॅप ही सफाई आपल्या वेळेने अधूनमधून करतं. ज्यांचा फोन आत्ताच भरलेला आहे त्यांनी त्याच पानावरच्या `Clear Cache` बटणाने पहिला ढीग हाताने काढावा. कुठला प्रकार काढायचा ते निवडता येतं, नुसते व्हिडिओ काढले तरी बहुतेक काम होतं. दोन-तीन दिवसांनी परत याच पानावर येऊन आकडा बघा.

कधी असं होतं की टेलिग्रामचा आकडा उतरतो, पण फोनची मोकळी जागा काही वाढत नाही. अशा वेळी गॅलरी बघा. `Data and Storage` मध्येच `Save to Gallery` म्हणून एक पर्याय आहे. तो चालू असेल तर येणाऱ्या प्रत्येक फोटो-व्हिडिओची दुसरी प्रत गॅलरीत पडते, आणि त्या प्रतीला ही मुदत लागू होत नाही. ती हातानेच काढावी लागते. चॅनेल आणि ग्रुपसाठी हा पर्याय बंदच ठेवावा असं आमचं मत आहे.

आणि तिसरी गोष्ट, आपोआप डाउनलोड. एकीकडून मुदत ढीग काढत असते आणि दुसरीकडून अॅप तुम्ही न मागितलेले व्हिडिओ भरत असतं. `Data and Storage` च्या पानावर मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग यांचे वेगवेगळे खटके आहेत. तिथे ग्रुप आणि चॅनेलचे व्हिडिओ बंद करा, फोटो राहू द्या. वरच्या विद्यार्थिनीच्या फोनवर हे आधीच बंद होतं. म्हणून तिचा हिशोब इतका नेमका जुळला. तुमचा जुळत नसेल तर पहिला संशय यावर घ्या.

काय परत येत नाही

सर्व्हरवर आहे तोवरच फाइल परत येते. चॅनेलवाल्याने पोस्ट काढून टाकली, चॅनेलच बंद केलं, किंवा समोरच्याने दोघांच्याही बाजूचा मेसेज पुसला, तर तुमच्या कॅशमधून गेलेली फाइल कुठूनही मिळणार नाही. क्लासच्या चॅनेलवर बॅच संपली की पोस्ट काढून टाकतात, हे विद्यार्थ्यांना माहीत आहेच. खरोखर लागणारी पीडीएफ फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये जपून ठेवा किंवा आपल्याच `Saved Messages` मध्ये फॉरवर्ड करा. तिथली प्रत तुमच्या खात्यात राहते, मूळ पोस्ट गेली तरी. काही चॅनेल फॉरवर्ड आणि सेव्ह दोन्ही बंद ठेवतात. तिथे हा उपाय चालत नाही.

`Secret Chat` मधले मेसेज बाकीच्या चॅटसारखे तुमच्या खात्यात सर्व्हरवर साठवलेले नसतात. तिथला फोटो फोनवरून गेला तर परत येईल असं धरू नका.

फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन टेलिग्रामवर `Clear data` मारू नका. त्याने कॅश जाते हे खरं, पण तुम्ही लॉगआउट होता आणि सिक्रेट चॅटही जातात. पुन्हा आत यायला ओटीपी लागतो. ज्यांनी जुनं सिमकार्ड बंद केलं आहे पण टेलिग्राम त्याच नंबरवर चालू आहे, त्यांची इथे मोठी अडचण होते. नंबर बदलला असेल तर आधी टेलिग्राममध्ये तो बदलून घ्या, मग बाकीचं.

ही सेटिंग आम्ही काउंटरवर करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. फोन तुमच्याच हातात राहील, कुठे बोट ठेवायचं ते आम्ही सांगू. पासवर्ड आम्हाला सांगायची गरज नाही. फोनमध्ये एक जीबीसुद्धा मोकळी नसेल तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या. तेव्हा गर्दी नसते आणि गॅलरीतल्या दुहेरी प्रती शोधायला वेळ मिळतो.