नागिऑसचे ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’

सर्व्हर जिवंत आहे का, हे ठरावीक वेळाने विचारायची सोय जुनीच. माइक म्यूस यांनी `ping` लिहिला डिसेंबर 1983 मध्ये. तो ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधल्या एखाद्या स्क्रिप्टमधून चालवला की झाली पाळत सुरू. त्रास व्हायचा तो खोट्या हाकाटीचा. एखादं पॅकेट हरवलं किंवा रात्रीच्या बॅकअपमुळे उत्तराला उशीर झाला, की मेल. उठून बघावं तर सगळं ठणठणीत!

इथन गॅलस्टॅड यांनी 1999 मध्ये नेटसेंट हे पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर आणलं. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे 2002 मध्ये त्याचं नाव नागिऑस झालं. त्याची रीत अशी: पहिलं अपयश नुसतं ‘सॉफ्ट’, म्हणजे संशय. सलग ठरलेल्या वेळा अपयश आलं की अवस्था ‘हार्ड’ होते, आणि तेव्हाच माणसाला कळवलं जातं.

```
check_interval      5
retry_interval      1
max_check_attempts  4
```

एरवी दर पाच मिनिटांनी तपासणी, संशय आला की दर मिनिटाला. 2:00 ला पहिलं अपयश आलं तर 2:01, 2:02 आणि 2:03 ला पुन्हा विचारणा होते, आणि चौथ्या अपयशाला सूचना सुटते. मोजणी पहिल्या अपयशापासून असते, हे पुष्कळजण विसरतात. चार म्हणजे तीनच फेरतपासण्या. दरम्यान अवस्था बदलली की आपोआप सुटणारा ‘इव्हेंट हँडलर’ मात्र सॉफ्ट अवस्थेतही चालतो. कुणाला न उठवता सेवा रीस्टार्ट करून बघायची ती याच फटीत.

किंमत उशिराची. बिघाड 1:55 च्या तपासणीनंतर लगेच झाला असेल, तर सूचना यायला जवळपास आठ मिनिटं. ही परवडते. खरी भोकं पडतात ती अर्धवट बिघाडात. विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर आहेत, त्यातला एक मेला आणि विनंती कुणाकडे जाईल हे चिठ्ठी काढल्यासारखं आहे असं धरू. पहिल्या अपयशानंतर आणखी तीनदा सलग मेल्याचीच चिठ्ठी निघण्याची शक्यता आठात एक. मधे एकदा जरी उत्तर मिळालं तरी मोजणी पुसली जाते आणि तपासणी परत पाच मिनिटांवर. निम्म्या ग्राहकांना एरर दिसते आणि पाळत ठेवणारा गप्प! लॉगमध्ये मात्र `CRITICAL;SOFT;1` आणि `OK;SOFT;2` यांची रांग लागलेली असते. पेजर वाजला नाही तरी ती बघत जावी.

अवस्था सारखी पालटत राहिली तर ते हेरायला ‘फ्लॅप डिटेक्शन’ असतं, पण सॉफ्ट अपयशं त्याच्या नोंदीत येत नाहीत. शेवटच्या 21 तपासण्यांत अवस्था किती वेळा पालटली, हे ते मोजतं आणि ताज्या पालटांना जास्त वजन देतं. पण फडफड सुरू झाल्याचं एकदा कळवलं की पुढच्या नेहमीच्या सूचना ते दाबतं. ती एक सूचना नजरेतून सुटली की संपलं.

कल्पना पुढे सगळीकडे गेली. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये सलग अपयशांचा आकडा `failureThreshold` मुळात 3 असतो आणि तपासणी दर दहा सेकंदांनी. फेरतपासणीचा वेगळा वेग तिथे नाही. प्रोमिथियस या पाळतीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने प्रयत्न मोजण्याऐवजी `for: 5m` असा काळ घेतला. त्यातही मधे एका तपासणीत अट खोटी ठरली की घड्याळ पुन्हा शून्यावर.