थ्रॉटल लॉक म्हणजे क्रूझ कंट्रोल नव्हे

दुचाकीवर लांबच्या पल्ल्याला उजवं मनगट भरून येतं, तळव्याला मुंग्या येतात. मग कुणीतरी सांगतं, "थ्रॉटल लॉक बसवून घे, स्वस्तातलं क्रूझ कंट्रोल आहे ते." हाताला आराम दोन्हींनी मिळतो हे खरं. पण गाडी थांबवायची वेळ येते तेव्हा या दोन गोष्टी अगदी वेगळ्या वागतात.

थ्रॉटल लॉक हा अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीशेजारी बसणारा एक क्लँप. घर्षणाने तो मूठ आहे त्या जागी धरून ठेवतो, स्प्रिंगला ती मागे ओढू देत नाही. त्याला गाडीचा वेग कळत नाही, त्यामुळे सपाटीवर 80 ला लावलेली गाडी चढ आला की 70 वर येते आणि उताराला लागली की 90 च्या पुढे जाते. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा 80 आहे, म्हणजे लांब उतारावर नुसतं बसून राहिलात तरी मर्यादा ओलांडली जाते.

क्रूझ कंट्रोल वेग धरतं. आजच्या बहुतेक गाड्यांत त्यासाठी राइड-बाय-वायर असतं: मूठ आणि इंजिनच्या मध्ये केबल नसते, मूठ किती पिळली हे सेन्सर सांगतो आणि इंजिनात हवा सोडणारी झडप मोटर उघडते. चाकाचा वेग कमी झाला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, झडप जास्त उघडतो, वाढला की मिटवतो. मात्र तीव्र उतारावर झडप पूर्ण मिटूनही वेग वाढू शकतो, कारण बहुतेक गाड्यांत क्रूझ स्वतः ब्रेक लावत नाही.

आता खरा फरक. समजा तुम्ही पुणे-बंगळुरू रस्त्यावर कराडच्या पुढे 80 ने चालला आहात. उसाचा हंगाम आहे, आणि दुभाजकाच्या तुटलेल्या भागातून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आडवा येतो. 80 ने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. क्रूझवर असाल तर ब्रेकला हात किंवा पाय लागताच क्रूझ सुटतं, क्लच ओढला तरी सुटतं. घाबरल्यावर शरीर आपोआप जे करतं, त्यानेच ते बंद होतं.

थ्रॉटल लॉकला यातलं काहीच कळत नाही. बोटांनी ब्रेक ओढला, पण मूठ मागे फिरवली नाही, तर ब्रेक एकीकडे आणि इंजिन दुसरीकडे ओढत राहतं आणि थांबायला जास्त अंतर लागतं. त्यात क्लच दाबला तर इंजिनवरचा भार जातो आणि आरपीएम एकदम किंचाळत वर चढतात. तो आवाज ऐकून दचकून क्लच सोडला, तर गाडी पुढे उसळते. म्हणून लॉक वापरणाऱ्याने एकच क्रम अंगात मुरवायचा: आधी मूठ मागे फिरवायची, मग ब्रेक. मूठ अडकलीच तर क्लच ओढून लाल किल स्विच, असा दुसरा क्रम. क्रूझच्या गाडीवरून लॉकच्या गाडीवर आलेल्याला धोका जास्त, कारण ब्रेकने सगळं सुटतं ही सवय त्याच्या बोटांत बसलेली असते.

क्रूझचाही एक फसवा भाग आहे: RES बटण. गावातून जाताना ब्रेक लावून 40 वर आलात आणि गाव संपायच्या आत RES दाबलं, तर गाडी लक्षात ठेवलेल्या 80 कडे झेपावते. समोर गतिरोधक आहे हे तिला दिसत नाही. रडारवर चालणारं अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ काही महागड्या गाड्यांत आहे, पण उलट्या दिशेने येणारा किंवा बसकण मारलेली म्हैस त्याला दिसेलच, अशा भरवशावर वापरायची तीही गोष्ट नव्हे.

पावसात, घाटात आणि गर्दीत दोन्ही बंद. खंबाटकीसारख्या घाटात तर मूठ सतत बदलावी लागते, तिथे लॉकचा उपयोगच नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावरसुद्धा ते लावून हात झटकावा, बोटं उघडून मिटावीत आणि लगेच मुठीवर परत यावं, दोन बोटं ब्रेक लिव्हरवर. मोबाईल काढायला मोकळा झालेला हात हा नव्हे.

लॉक बसवल्यावर इंजिन बंद ठेवून तपासणी करा. लॉक लावलेलं असतानाही नेहमीच्या जोराने, ग्लव्ह घालून, मूठ पूर्ण मागे फिरली पाहिजे. फिरवायला जोर करावा लागत असेल तर लॉकची पकड सैल करा. सैल होत नसेल तर ते लॉक काढून टाका. मग लॉक सोडून मूठ पिळून सोडा: ती खटकन बंद झाली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा करा. रेंगाळत परतत असेल तर क्लँप बार-एंडला किंवा ग्रिपच्या रबराला घासतोय, किंवा केबल ताणली जातेय. ते निस्तरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.