पोदेराचा हॉर्न आणि काचेवरचं बटण

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात सकाळ उजाडते ती दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या हॉर्नने. सायकलच्या हँडलला बांधलेला रबरी फुगा आणि पितळी तोंड. फुगा दाबला की हाताखाली तो दबतो, त्याच क्षणी आवाज येतो आणि सोडला की हवा ओढून घेत पुन्हा टम्म होतो. या हॉर्नवरच मी मोबाइलसाठी एक छोटा गेम केला. पोदेर गल्लीबोळांतून जातो, योग्य घरासमोर हॉर्न वाजवायचा, माणसं पाव घ्यायला बाहेर येतात. हॉर्नच्या बटणाखेरीज त्यात फारसं काही नाही.

पहिल्यांदा तो भाच्याच्या हातात दिला. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "मामा, तुझा हॉर्न अडकतो." बटण चालत होतं, प्रत्येक दाबाची नोंद होत होती. तरी तो एकेका घरासमोर दोनदा दाबत होता, तेही दुसऱ्यांदा जरा जास्तच जोराने. काचेला जोर कळत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण बोटाला कोण सांगणार? असा दुहेरी दाब दिसला की समजावं, पहिल्या दाबाची पोच खेळणाऱ्याला वेळेत मिळालेली नाही.

किती उशीर होतो ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो शेजारी ठेवला आणि बटणावर बोट असं टेकवलं, की पेर आणि नखाची कड एकदमच काचेला लागतील. नुसतं नख चालत नाही, कारण स्क्रीनला बोटाची वीजवाहक त्वचा लागते. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर लहरींच्या रूपात उघडलं तर आधी नखाची बारीक टिक दिसते आणि मग हॉर्न. माझ्याकडे या दोघांत 290 मिलिसेकंद निघाले, म्हणजे पाव सेकंदाहून जास्त. आयबीएममधले संशोधक रॉबर्ट मिलर यांनी 1968 सालीच लिहून ठेवलं होतं, की कळ दाबल्याची पोच 0.1 सेकंदाच्या आत मिळायला हवी. मी त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ लावत होतो.

हे 290 आले कुठून? गेम इंजिनमधलं तयार बटण `onClick` या घटनेवर चालतं, आणि ती घटना बोट टेकल्यावर नाही, उचलल्यावर घडते. माझं बोट काचेवर साधारण 95 मिलिसेकंद राहत होतं, तेवढे तिथेच गेले. हॉर्नचा आवाज मी रस्त्यावर रेकॉर्ड केला होता आणि कापताना सुरुवातीला 60 मिलिसेकंदांची शांतता राहून गेली होती. कानाला ती कळत नाही, लहरीत मात्र सरळ रेघ दिसते. वर फाइल MP3 केलेली. हा प्रकार आवाज दाबून लहान करताना सुरुवातीला स्वतःची थोडी शांतता जोडतो, ती साधारण 25 मिलिसेकंद. उरलेले 110 फोनचे स्वतःचे: स्पर्श ओळखणं, गेमचं पुढचं चित्र तयार होणं, आवाज स्पीकरपर्यंत पोचणं.

फोनवर माझा फारसा इलाज नव्हता, पण बाकीचे 180 सरळ माझ्याच चुकीचे. हॉर्न बोट टेकताच वाजेल असं केलं, फाइल WAV ठेवली, पुढची शांतता छाटली. आवाजाचा बफर, म्हणजे स्पीकरकडे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, लहान केला. पुन्हा मोजलं तर 85. भाच्याला काही न सांगता फोन दिला. दुसरा दाब गेला होता.

मग चित्राकडे वळलो. आधी मी फुगा हळूहळू दबताना दाखवला होता, दिसायला छान म्हणून. पण बोट तर एव्हाना टेकलेलं असतं. फुगा त्याच्यामागून सावकाश खाली गेला, तर तो बोटाने दाबल्यासारखा न वाटता आपणहून बसल्यासारखा वाटतो. म्हणून दाबताना मधली पायरीच ठेवली नाही: पहिल्याच चित्रात फुगा 85 टक्के उंचीचा आणि थोडा रुंद. सोडल्यावर मात्र 150 मिलिसेकंद घेत तो वर येतो, किंचित जास्त फुगतो आणि मग स्थिरावतो. सगळा रबरीपणा या परतीत आहे. अडचण एकच, फुग्यावर अंगठा असतो आणि त्याखालचं काहीच दिसत नाही! ही गोष्ट कॉम्प्युटरवर माउसने खेळून पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही. शेवटी पितळी तोंड बटणाच्या वर, अंगठ्याबाहेर काढलं आणि हलायचं काम त्याच्याकडे दिलं.

आता थरथर. फोनमध्ये दोन तऱ्हेच्या मोटरी सापडतात. जुन्या किंवा स्वस्त फोनमध्ये एका बाजूला जड असलेलं चाक फिरतं. त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे 10 मिलिसेकंदांचा झटका मागितला तर चाक जेमतेम हलतं आणि हाताला काहीच लागत नाही. दुसऱ्या तऱ्हेत स्प्रिंगवरचं वजन मागेपुढे होतं. ते पटकन सुरू होतं, पटकन थांबतं आणि 'टक' असा नेमका ठोका देतं. माझ्या फोनवर सुरेख लागणारा ठोका भाच्याच्या फोनवर मुळीच लागत नव्हता, तो याचमुळे. 40 मिलिसेकंद केल्यावर त्याला लागला, पण ठोका कसला, घुंईऽऽ. अँड्रॉइडवर मिलिसेकंद स्वतः न ठरवता `EFFECT_CLICK` हा तयार ठोका मागता येतो. अँड्रॉइड 10 पासून ही सोय आहे आणि फोन बनवणारा आपल्या मोटरीनुसार तो बसवू शकतो. मी तोच घेतला.

तरीही स्वस्त फोनवर थरथर जरा मवाळच राहिली. तिथे आवाज मदतीला आला. 1998 साली फिनलंडमधल्या यूसमाकी आणि हारी या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं आपले तळवे एकमेकांवर चोळत होती आणि त्याचाच आवाज त्यांना हेडफोनमधून ऐकवला जात होता. त्यातले बारीक, उंच सूर वाढवले की त्यांना आपली कातडी कोरडी, कागदासारखी वाटू लागे. आवाज उशिरा पोचवला की हा भास ओसरे. मेंदू कानाचं बोटाच्या खात्यावर मांडतो, मात्र दोन्ही वेळेवर आले तरच. मी हॉर्नच्या अगदी सुरुवातीला रबर दबल्याचा बारीक 'टप्' मिसळला. भाचा म्हणाला, "आता जास्त हलतंय." मोटरीला मी हात लावलेला नव्हता.

हे सगळं घेऊन मी रायबंदरहून चोडणेला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. इंजिनच्या घरघरीत हॉर्न ऐकू येईना. कठड्याला टेकून उभा होतो, तर अख्खी बोटच थरथरत होती आणि फोनची थरथर त्यात कुठल्या कुठे गेली. उरलं फक्त पितळी तोंड. तेवढ्यावर खेळ चालला, कारण ते अंगठ्याबाहेर होतं. शेजारच्या एका मुलाला खेळायला दिलं, त्याच्या कानात ब्लूटूथचे इअरफोन. त्याला हॉर्न फुग्यापेक्षा ठळक उशिरा ऐकू येत होता. ब्लूटूथला आवाज आवळून पाठवायला आणि इअरफोनमध्ये पुन्हा उलगडायलाच तेवढा वेळ जातो, तिथे माझी छाटाछाट उपयोगाची नव्हती. आता असे इअरफोन जोडलेले असले की गेम लांबचा 'पोंऽऽ' ठेवतो, पण सुरुवातीचा तो 'टप्' गाळतो. उशिरा आलेला टप् दुसऱ्याच कुणीतरी दाबल्यासारखा वाटतो.

एक बटण मात्र मी मुद्दाम जुन्याच पद्धतीवर ठेवलं: जमलेले पैसे देऊन नवी सायकल घेण्याचं. ते बोट टेकताच दबलेलं दिसतं, पण खरेदी बोट उचलल्यावरच होते. चुकून लागलं तर बोट न उचलता बाजूला सरकवायचं, पैसे वाचतात. भाच्याने हे मला न विचारताच शोधून काढलं आणि आता तो नुसता मजेसाठी सायकलवर बोट ठेवून सरकवत बसतो.