किमान अवस्था सिद्ध करण्याची युक्ती: मूरपासून नेरोडपर्यंत

एडवर्ड मूर यांनी 1956 मध्ये प्रश्न घेतला तो यंत्राचा होता. यंत्र आतून दिसत नाही, फक्त इनपुट द्यायचा आणि आउटपुट पाहायचा. मग त्याच्या दोन अवस्था वेगळ्या आहेत हे कशावरून ओळखायचं? एखाद्या इनपुटवर दोघींची उत्तरं वेगळी आली, तर त्या वेगळ्या. पुढे जॉन मायहिल (1957) आणि अनिल नेरोड (1958) यांनी ही कल्पना यंत्रावरून थेट भाषेवर, म्हणजे स्ट्रिंगांच्या (चिन्हांच्या ओळींच्या) संचावर आणली. मायहिल स्ट्रिंगच्या दोन्ही बाजूंना जोड देत, नेरोड फक्त उजवीकडे. अवस्था मोजायला नेरोड यांचंच रूप कामाचं. रेबिन आणि स्कॉट यांच्या 1959 च्या लेखात दोन्ही प्रमेयं शेजारी-शेजारी आली.

x आणि y या स्ट्रिंगांना एकच जोड z लावल्यावर xz आणि yz यांपैकी नेमकी एकच भाषेत बसत असेल, तर x आणि y भिन्न. भिन्न स्ट्रिंगा एकाच अवस्थेत पोचू शकत नाहीत, कारण तिथून z वाचल्यावर दोघींचा शेवट एकच होईल. म्हणून परस्पर भिन्न अशा k स्ट्रिंगा सापडल्या की निश्चित ऑटोमॅटनला, म्हणजे प्रत्येक चिन्हावर पुढची एकच अवस्था ठरलेली असते अशा यंत्राला, किमान k अवस्था लागतातच.

उदाहरणार्थ, 0 आणि 1 यांच्या ज्या स्ट्रिंगांत शेवटून तिसरं चिन्ह 1 आहे, त्यांची भाषा घेऊ. तीन लांबीच्या आठही स्ट्रिंगा निवडा. कोणत्याही दोन स्ट्रिंगा डावीकडून i व्या जागी वेगळ्या असतील, तर i−1 शून्यं जोडा. ती जागा बरोबर शेवटून तिसरी होते. 011 आणि 001 दुसऱ्या जागी वेगळ्या, म्हणून एक शून्य: 0110 भाषेत आहे, 0010 नाही. i = 1 असेल तर जोड रिकामी, आणि तीही चालते. म्हणजे आठ अवस्था हव्यातच. आठ पुरतातही: शेवटची तीन चिन्हं लक्षात ठेवायची, सुरुवात 000 पासून.

गफलत होते ती जोड्या तपासताना. आठ स्ट्रिंगांच्या 28 जोड्या असतात, आणि शेजारच्या तेवढ्या तपासून भागत नाही. 001 आणि 101 भिन्न आहेत, 101 आणि 1 भिन्न आहेत, पण 001 आणि 1 यांना कोणतीच जोड वेगळं करत नाही. म्हणून वर i वरून दिला तसा, सगळ्या जोड्यांना लागू पडणारा एकच नियम देणं बरं.

ही मोजणी अनिश्चित ऑटोमॅटनला लागू नाही. तो योग्य 1 कोणता हे अंदाजाने निवडतो आणि पुढे दोन चिन्हं मोजतो, त्यामुळे याच भाषेला त्याला चार अवस्था पुरतात. त्याच्या खालच्या मर्यादेसाठी ग्लेस्टर आणि शॅलिट यांनी 1996 मध्ये वेगळी युक्ती मांडली. तिच्यात सुट्या स्ट्रिंगांऐवजी सुरुवात आणि जोड अशा जोड्या निवडतात: प्रत्येक जोडी स्वतः भाषेत बसते, पण एकीच्या सुरुवातीला दुसरीची जोड लावली की बसत नाही.