शिडी-भिंत उदाहरण

काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हा नियम आठवीच्या मुलांना तोंडी समजावताना घेतले जाणारे उदाहरण. भिंत आणि जमीन या काटकोन करणाऱ्या बाजू, आणि भिंतीला टेकवलेली शिडी हा कर्ण. उदाहरणाचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात शिडी स्थिर असते व तीनपैकी दोन मापे देऊन तिसरे विचारतात. दुसऱ्यात शिडी घसरते आणि वरचे टोक अमुक इतके खाली आले तर खालचे टोक किती सरकले, असा प्रश्न असतो. दुसरा प्रकार जुना आहे आणि शिकवण्याच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे.

उगम : घसरत्या शिडीचा सर्वांत जुना ज्ञात पूर्वज बॅबिलोनियातील मातीच्या एका पाटीवर सापडतो. ब्रिटिश म्युझियममधील बीएम ८५१९६ या क्रमांकाची ही पाटी जुन्या बॅबिलोनियन काळातील, म्हणजे ढोबळमानाने इ. स. पू. १८०० ते १६०० दरम्यानची मानतात. तेथे शिडीऐवजी तुळई आहे. भिंतीला सरळ उभी असलेली ३० लांबीची तुळई वरून ६ ने खाली आली, तर तिचे खालचे टोक किती सरकले, असा प्रश्न आहे. ३० मधून ६ वजा करून २४ घ्यायचे, ३० च्या वर्गातून (९००) २४ चा वर्ग (५७६) वजा करायचा आणि उरलेल्या ३२४ चे वर्गमूळ १८ हे उत्तर, अशी रीत दिली आहे. आजचा विद्यार्थीही याच पायऱ्या करतो.

यावरून नियम तेव्हा ‘माहीत’ होता का, याविषयी मतभेद आहेत. १८, २४, ३० हे ३, ४, ५ या त्रिकूटाच्या सहापट आहेत, तेव्हा लेखनिकाला केवळ एक सोयीचे त्रिकूट पाठ असावे, असे म्हणता येते. परंतु पाटीवर नुसते उत्तर नसून वर्ग, वजाबाकी आणि वर्गमूळ अशी रीत आहे. शिवाय साधारण त्याच काळातील वायबीसी ७२८९ या पाटीवर चौरसाच्या कर्णासाठी २ च्या वर्गमूळाची किंमत, दशमानात सांगायची तर सुमारे १.४१४२१३, कोरलेली आहे आणि तेथे पूर्णांकांचे कोणतेच त्रिकूट बसत नाही. नियम रीत म्हणून परिचित होता, सिद्धता मात्र लिहिलेली नाही, हे मत त्यामुळे अधिक पटणारे आहे. शुल्बसूत्रांबाबतही जवळपास अशीच स्थिती आहे. बौधायनाने (काळ साधारणतः इ. स. पू. ८०० ते ५०० दरम्यानचा धरतात) आयताच्या ‘अक्ष्णया रज्जू’विषयी, म्हणजे कर्णावर ताणलेल्या दोरीविषयी, नियम सर्वसाधारण शब्दांत सांगितला आहे. मात्र त्याचा विषय वेदीची आखणी हा असल्याने तेथे भिंतही नाही आणि शिडीही नाही. पायथागोरसचे (इ. स. पू. सहावे शतक) नाव नियमाला जोडणारे उल्लेख त्याच्यानंतर पुष्कळ काळाने येतात. युक्लिडवर भाष्य लिहिणारा प्रोक्लस (इ. स. पाचवे शतक) हे श्रेय जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या हवाल्याने देतो, स्वतःच्या शब्दावर नाही.

चीनमधील ‘नऊ अध्याय’ या गणितग्रंथात (लिऊ हुईचे भाष्य इ. स. २६३) भिंतीला टेकवलेल्या ओंडक्याचे उदाहरण आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (११५०) मोडलेला वेळू याच वंशातला धरण्याचा मोह होतो. परंतु ३२ हातांचा तो वेळू मोडून शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकतो आणि तेथे कर्ण दिलेला नसून वेळू किती हातांवर मोडला हे शोधायचे असते, उत्तर १२. त्याला वेगळा प्रकार मानणे बरे.

तोंडी मांडणी : आकृती काढण्याआधी उदाहरण बोलून सांगितले, की चुका गणिताआधी भाषेत होतात. ‘पाच मीटर उंचीची शिडी’ असे शिक्षक सहज बोलून जातात आणि ‘उंची’ ऐकताच मुले ५ हा आकडा भिंतीवर लिहितात. शिडीला लांबी आणि भिंतीला उंची, हा भेद शब्दात पाळावा लागतो. ‘कर्ण’ हा शब्द चौकोनातही वापरला जात असल्याने काही मुले चौकोन शोधू लागतात. ‘आता वर्ग करा’ हे वर्गात बसलेल्यांना सांगताना होणारा हशा निराळाच.

५ मीटरची शिडी, खालचे टोक भिंतीपासून ३ मीटरवर, असे दिले तर नेहमी तीन चुकीची उत्तरे येतात. पहिले २, म्हणजे नुसती वजाबाकी. तिथे ३ आणि २ मिळून ५ होतात, म्हणजे त्रिकोण उरतच नाही. दुसरे १६, म्हणजे वर्गमूळ विसरले. तिसरे सुमारे ५.८, म्हणजे वजा करण्याऐवजी २५ आणि ९ ची बेरीज केली. शेवटची दोन्ही एका प्रश्नाने उघडी पडतात : ‘पाच मीटरची शिडी पाच मीटरच्या वर कशी टेकेल?’ पहिले उत्तर मात्र या प्रश्नातून निसटते आणि तेच सर्वांत चिवट असते.

घसरणीचा पाठ २५० सेंटिमीटरच्या शिडीवर नीट उभा राहतो, कारण एकाच शिडीत दोन त्रिकूटे (७, २४, २५ आणि १५, २०, २५) बसतात. शिडी भिंतीला चिकटून उभी आहे आणि वरचे टोक १० सेंटिमीटर खाली आले. खालचे किती सरकले? वर्गातून हमखास येणारे उत्तर ‘दहा’. प्रत्यक्षात ६२,५०० मधून २४० चा वर्ग ५७,६०० वजा केला, की ४,९०० उरतात. वर्गमूळ ७०. दहा उतरली आणि सत्तर सरकली! मग मुले दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘नेहमी सातपट’ असे सांगतात. पुढे वरचे टोक २४० वरून २०० वर आणले, की खालचे ७० वरून १५० वर जाते, म्हणजे ४० ला ८०, दुप्पट. २०० वरून १५० वर आणले, की खालचे १५० वरून २०० वर, दोन्हीकडे ५०. आता कुठे मुलांचे पहिले उत्तर खरे ठरते. त्यानंतर पारडे फिरते : वरचे १५० वरून ७० वर, ८० ने उतरते, पण खालचे २०० वरून २४० वर, ४० नेच सरकते. उतरण्याचे आणि सरकण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याला बदलते, बदलत नाही ती फक्त वर्गांची बेरीज. चारही ठिकाणी ती ६२,५०० भरते, हे मुलांकडूनच मोजून घेतात.

मर्यादा : नियम लागू पडण्यासाठी भिंत उभी आणि जमीन सपाट हवी. उतारावर काटकोन राहत नाही आणि उत्तर चुकते. पाठातले लाडके ३, ४, ५ चे माप प्रत्यक्ष शिडीला वाईट. त्यात जमिनीशी कोन सुमारे ५३ अंशांचा होतो आणि शिडी घसरण्याचा धोका वाढतो. चार भाग उंचीला एक भाग अंतर, म्हणजे सुमारे ७५ अंश, अशी सुरक्षिततेची रूढ शिफारस आहे. ७० आणि २४० ची जोडी त्याच्या जवळ जाते.

हुशार वर्गात आणखी एक प्रश्न विचारता येतो : शिडी घसरताना तिच्या अगदी मधल्या बिंदूचा मार्ग कसा असेल? बहुतेक मुले हवेत कोपऱ्याच्या दिशेने खोलगट रेघ काढतात. पण ७० आणि २४० च्या स्थितीत मध्यबिंदू भिंतीपासून ३५ आणि जमिनीपासून १२० वर असतो. ३५ आणि १२० यांच्या वर्गांची बेरीज १५,६२५, म्हणजे कोपऱ्यापासूनचे अंतर १२५, शिडीच्या निम्मे. इतर स्थितींतही तेवढेच. मार्ग कोपऱ्याभोवतीच्या वर्तुळाचा कंस असून त्याचा फुगवटा कोपऱ्याकडे नसून बाहेर असतो.